करार मोडल्याची नोटीस: तीस दिवस कधीपासून मोजायचे आणि हक्क राखून ठेवायचे म्हणजे काय

इंदूरच्या सांवेर रोडवरचा नमकीनचा कारखाना आणि पीथमपूरचा छापील पाउच-फिल्मचा पुरवठादार, असं एक उदाहरण घेऊ. करारात लिहिलंय की दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत 4,000 किलो फिल्म यायची. सलग दोन महिने 75 टक्क्यांहून कमी माल आला तर तो गंभीर भंग. तसं झालं तर लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत चूक सुधारायची संधी द्यायची आणि तरीही सुधारणा झाली नाही तरच करार संपवायचा. 2025 च्या ऑक्टोबरात 2,600 किलो आले, नोव्हेंबरात 2,100 आणि डिसेंबरात 1,750. तिन्ही वेळा उशिराही आले. म्हणजे एकूण 5,550 किलो माल कमी.

इथपर्यंत बाजू भक्कम आहे. बिघडतं ते पुढे, कारण बहुतेक जण संतापून एकच पत्र पाठवतात: "तुम्ही करार मोडला, तीस दिवसांत करार संपला असं समजा." हे पत्र धड सुधारणेची नोटीस नाही आणि धड समाप्तीचीही नाही. वर सांगितलेल्या करारात नोटिसा दोन लागतात. पहिलीत भंग दाखवायचा आणि मुदत द्यायची. दुसरी नोटीस मुदत उलटल्यावर, सुधारणा झाली नाही असं नमूद करून पाठवायची. दुसरी न पाठवता गप्प बसलात तर करार चालूच राहिला, असं समोरचा म्हणू शकतो.

पहिल्या नोटिशीत कराराची तारीख, कलमाचा क्रमांक आणि महिनावार आकडे द्या. "वारंवार उशीर होतो, दर्जा नीट नाही" असल्या वाक्यांना काही किंमत नाही. त्यानंतर सुधारणा म्हणजे नेमकं काय, तेही लिहा: राहिलेले 5,550 किलो मुदतीच्या आत कारखान्यावर पोचवणं आणि त्या काळात येणारा महिन्याचा हप्ता पूर्ण देणं. हे लिहिलं नाही तर पुरवठादार 500 किलोंची एक खेप पाठवून "आम्ही सुधारणा केली" म्हणतो, आणि त्याला उत्तर देणं जड जातं. नोटिशीला स्टॅम्प पेपर लागत नाही, वकिलाच्याच लेटरहेडवर पाठवायची सक्तीही नाही. सही मात्र अधिकार असलेल्या माणसाची हवी: भागीदारी असेल तर भागीदार, कंपनी असेल तर संचालक किंवा ठरावाने नेमलेला अधिकारी. पर्चेस मॅनेजरने उत्साहात केलेल्या सहीवरून पुढे नाहक वाद होतो.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो ती गोष्ट: दिवस. करारात "मिळाल्यापासून" असेल तर टपालात टाकल्याची तारीख निरुपयोगी आहे. समजा नोटीस 6 जानेवारी 2026 ला पाठवली आणि 9 जानेवारीला पोचली. पोचल्याचा दिवस सोडून 10 जानेवारी हा पहिला दिवस धरायचा. मग तिसावा दिवस येतो 8 फेब्रुवारी, आणि तो रविवार आहे. शहाणपण यात, की सोमवारही जाऊ द्यावा आणि समाप्तीची नोटीस 10 तारखेला काढावी. ज्याने 6 जानेवारीपासून मोजलं त्याची मुदत 5 फेब्रुवारीला संपते. तो 6 ला करार संपवून मोकळा होतो, आणि आता करार मोडणारा तोच ठरू शकतो. तीन दिवसांच्या घाईपायी भरपाई मागणाऱ्यावर भरपाई द्यायची पाळी येते. करारात "कामकाजाचे दिवस" लिहिले असतील तर हा सगळा हिशेब बदलतो, म्हणून ती ओळ दोनदा वाचा.

म्हणूनच ज्या कागदावाचून अडतं तो कागद म्हणजे पोहोच. नोटिशीची प्रत सगळ्यांकडे असते, ती कधी आणि कोणाला मिळाली याचा पुरावा कोणाकडे नसतो. पत्ता करारातल्या नोटीस-कलमातलाच घ्या. तिथे पुरवठादाराचं विजयनगरचं नोंदणीकृत कार्यालय लिहिलं असेल तर पीथमपूरच्या गोदामात क्लार्कच्या हाती दिलेलं पाकीट पुरत नाही. पत्ता बदलल्याची शंका असेल तर दोन्हीकडे पाठवा. आणखी एक अडचण अलीकडची: जुन्या करारांत "रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह" असं लिहिलेलं असतं, आणि डाक विभागाने 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही. स्पीड पोस्टला नोंदणी आणि पोहोचीचा पुरावा या सोयी मागून घ्या, ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा आणि करारातल्या ईमेलवरही नोटीस पाठवा.

हक्क राखून ठेवण्याचं वाक्य नोटिशीच्या शेवटी सगळेच टाकतात: "ही नोटीस देताना किंवा मुदतीत माल स्वीकारताना आम्ही आमचा कोणताही हक्क सोडलेला नाही, भरपाई मागण्याचा आणि करार संपवण्याचा हक्क राखून आहोत." वाक्य ठीक आहे, पण तुमच्या वागण्याने ते पुसलं जातं. करार कायदा, 1872 च्या कलम 55 नुसार, वेळेला महत्त्व असलेल्या करारात उशिरा आलेला माल तुम्ही स्वीकारलात आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाहीत, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा माल निमूट उतरवून घेतला असेल तर त्या उशिराचा दावा तिथेच लंगडा पडतो. कमी आलेल्या किलोंचा मुद्दा वेगळा, तो मांडता येतो.

आता समजा मुदतीच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे 6 फेब्रुवारीला, 3,000 किलो आले. मशीन बंद ठेवायची नसेल तर माल घ्या, पण त्याच दिवशी ईमेल करा: ही अपुरी पूर्तता आहे, 2,550 किलो अजून बाकी आहेत, हक्क राखून स्वीकारत आहोत. चलनावरही तेच लिहा. आणि पर्चेस विभागाला सांगून ठेवा की करार संपवल्यावर नवी ऑर्डर जाता कामा नये. सॉफ्टवेअरमधून दर महिन्याला आपोआप निघणारी ऑर्डर दुसऱ्या नोटिशीच्या चार दिवसांनी गेली, तर समोरच्या वकिलाचं अर्धं काम तुम्हीच करून दिलंत.

दबाव म्हणून वाद नसलेली जुनी बिलं अडवून ठेवू नका. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर 2006 च्या कायद्याने पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय "आधी करार तुम्हीच मोडला" हे उत्तर त्याला आयतं मिळतं.

नोटिशींसोबत करार, तीन महिन्यांच्या ऑर्डरी, गेटवरचं आवक रजिस्टर आणि वजनाच्या पावत्या जोडा. अस्सल प्रती स्वतःकडेच ठेवा.

दुसऱ्या नोटिशीत करार कोणत्या तारखेपासून संपला ते लिहा. नंतर भरपाईसाठी व्यापारी न्यायालयात जायचं झालं आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थी करावी लागते. करारात लवाद असेल तर त्याची सुरुवात करणारी मागणीही लेखी आणि स्पष्ट हवी, समाप्तीच्या नोटिशीत ती आपोआप येत नाही.

फिल्मच्या धंद्यात एक वस्तू हमखास विसरली जाते: छपाईचे सिलिंडर. पैसे तुम्ही दिलेले असतात आणि सिलिंडर पुरवठादाराच्या रॅकवर असतात. समाप्तीच्या नोटिशीतच त्यांची यादी, बिलांचे क्रमांक आणि परत द्यायची तारीख टाका. तुमच्या नावाचा उरलेला छापील रोल दुसऱ्या कोणाला विकू नये, असंही त्यात बजावा.