डेक तयार आहे, पण पत्रकार काय विचारतील?

नवीन प्लांटची घोषणा असली की पत्रकार परिषदेच्या तयारीसाठी तुमच्या कंपनीकडून आमच्या पीआर टीमकडे वीस-पंचवीस स्लाइडचा डेक येतो. तो बोर्डासाठी आणि बँकेसाठी बनवलेला असतो, तोच पत्रकारांसमोर वाचून दाखवला तर गडबड होते, म्हणून आम्ही त्यातून बोलायचे मुद्दे आणि येऊ शकणारे प्रश्न कसे काढतो ते एका उदाहरणावरून सांगतो.

समजा चाकणची ऑटो पार्ट्सची कंपनी आहे, आणि स्लाइडवर लिहिलंय "१२० कोटींची गुंतवणूक, ४०० रोजगार, क्षमता दुप्पट". दिसायला मस्त आहे, पण पत्रकार तिथेच मोबाइलवर भागाकार करतो, एका नोकरीमागे ३० लाख, म्हणजे पैसा माणसांपेक्षा मशीनवर जास्त चाललाय का? हा प्रश्न येणारच, त्यामुळे आमच्या यादीत तो सगळ्यात वर असतो.

मग आम्ही तुमच्याच लोकांना फोन करतो. फायनान्सला विचारतो की १२० कोटी एकदम की तीन वर्षांत, त्यातलं कर्ज किती, आणि बोर्डाने मंजूर किती केलेत. एचआरला विचारतो की ४०० मध्ये कायम किती, कंत्राटी किती, आणि हे पहिल्याच दिवशी की प्लांट पूर्ण भरल्यावर. समजा उत्तर आलं की कायम १५० आणि बाकी कंत्राटी, आणि सगळे मिळून तीन वर्षांत, तर मुद्दा असा होतो: "तीन वर्षांत ४०० जणांना काम मिळेल, त्यातले १५० कायम असतील." हे तुम्ही स्वतः सांगितलंत तर ती माहिती असते, दुसऱ्या दिवशी युनियनकडून बाहेर आलं तर तीच हेडलाइन होते. "क्षमता दुप्पट" म्हणजे दुप्पट माल बनवता येईल एवढी मशीन बसतील, पण तेवढा माल विकला जाईलच असं नाही, हा फरकही आम्ही लिहूनच देतो.

मुद्दे तीनच ठेवतो, प्रत्येकाला एक आकडा आणि तो कुठून आला ते. वाक्य मोठ्याने वाचून बघा, मध्येच दम लागला की ते स्लाइडचंच वाक्य राहिलंय.

प्रश्न मात्र जास्त काढतो आणि पत्रकार बघून काढतो. पिंपरी-चिंचवडचा बातमीदार विचारेल स्थानिक मुलं किती घेणार आणि भोसरीचं जुनं युनिट बंद होणार का, बिझनेस पेपरवाला विचारेल ऑर्डर कुणाची आहे. भोसरीबद्दल ठरलेलंच नसेल तर "अजून निर्णय झालेला नाही, झाला की आधी कामगारांना सांगू" एवढंच बोला, आणि तेही खरं असेल तरच. "नो कमेंट" म्हटलं की लोक होकारच समजतात. आणि ऑफ द रेकॉर्ड हे बोलायच्या आधी दोघांनी ठरवायचं असतं, बोलून झाल्यावर सांगून काही उपयोग नाही.

कंपनी लिस्टेड असेल तर महत्त्वाचा आकडा आधी स्टॉक एक्सचेंजला जातो, मगच पत्रकारांना, त्यामुळे कंपनी सेक्रेटरीने पाहिल्याशिवाय आमचा कागद फायनल होत नाही.

डेक पाठवताना त्यामागची एक्सेल आणि मागच्या घोषणेची प्रेस नोटही पाठवा, कारण तेव्हा दिलेल्या शब्दाचं काय झालं हेही विचारतात.