नाकातला एमआरएसए आणि मांडीवरचं गळू

सांगलीजवळच्या तालमीत सराव करणारा एक विशीतला पैलवान डोळ्यांसमोर आणा. मांडीवर लिंबाएवढं गळू, जबर ठणका, अंगात ताप नाही. डॉक्टरांनी गळू फोडलं आणि पू तपासणीला पाठवला. रिपोर्टमध्ये एमआरएसए आला. घाबरून घरच्या सगळ्यांच्या नाकातला स्वॅब दिला, तर आईच्या नाकातही तोच जंतू निघाला. आईला कसलाच त्रास नाही. मग तिलाही गोळ्या सुरू करायच्या?

नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात निमूट राहतो. पेनिसिलीन गटातल्या बहुतेक औषधांना दाद न देणारा त्याचा प्रकार म्हणजे एमआरएसए. तोही असाच राहू शकतो. स्वॅबवरून जंतू तिथे आहे एवढंच कळतं. लाली, सूज, ठणका, पू यांपैकी काही असेल तर तो संसर्ग. आई नुसती वाहक आहे.

मुलाचा खरा इलाज चिरा हाच होता. गळवाच्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे नुसत्या गोळ्यांचं औषध पुवापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. जागा बधिर करून सर्वांत मऊ ठिकाणी चिरा देतात, आतले कप्पे मोडून सगळा पू काढतात. घरी पिळणं मात्र धोक्याचं, कारण पू आत, खोलवर ढकलला जातो.

चिरा दिल्यावर गोळ्या हव्यात का? अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत चिऱ्यासोबत को-ट्रायमोक्सॅझोल हे सल्फा गटातलं प्रतिजैविक घेणाऱ्यांपैकी सुमारे ८१ टक्के बरे झाले, नुसत्या चिऱ्याने सुमारे ७४ टक्के. फायदा आहे, पण तो बेताचा. लहान गळू, ताप नाही, आजूबाजूला लाली नाही, अशा वेळी डॉक्टर गोळ्या टाळूही शकतात. ताप, पसरणारी लाली, मधुमेह किंवा अनेक गळवं असतील तर त्या द्याव्याच लागतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं. दोन दिवसांत ठणका उतरला नाही तर पू आत राहिला असण्याची शंका घ्यावी.

नाक आणि कातडीवरून जंतू हटवण्याचा उपाय पहिल्याच गळवाला करत नाहीत. गळवं पुन्हापुन्हा येऊ लागली, किंवा घरात एकापाठोपाठ एकाला झाली, तर त्याचा विचार होतो. त्याआधी रक्तातली साखर तपासावी. टॉवेल, लंगोट, रेझर प्रत्येकाचं वेगळं हवं, मॅट रोज पुसली जावी आणि उघड्या जखमेने कुस्ती खेळू नये. माझ्या मते तालमीत याच गोष्टींवर सर्वांत जास्त जोर द्यायला हवा. तरीही थांबत नसेल तर दोन्ही नाकपुड्यांत म्युपिरोसिन मलम दिवसातून दोनदा आणि रोज क्लोरहेक्सिडिनच्या द्रावणाने अंघोळ, असं साधारण पाच दिवस, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करायचं. काही महिन्यांत जंतू परत येऊ शकतो, आणि मलम वारंवार वापरलं तर म्युपिरोसिनलाही तो जुमानेनासा होऊ शकतो.

आईचा गुडघा बदलायचा ठरला, तर मात्र ती वाहक असल्याचं सर्जनना आधीच सांगायला हवं. कृत्रिम सांध्याला जंतू चिकटला की काढणं फार अवघड जातं, म्हणून अशा शस्त्रक्रियेआधी त्रास नसलेल्या वाहकालाही हेच मलम आणि अंघोळ देतात.