किनाऱ्यावरील कचरा : नाल्यापासून समुद्रापर्यंत

रस्त्यावर, गटारात किंवा नदीकाठी पडलेला कचरा पाण्याबरोबर वाहत समुद्राला मिळतो आणि त्यातला बराचसा भाग लाटा पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. हा प्रवास सलग नसतो. कोरड्या दिवसांत कचरा गटाराच्या जाळीपाशी, पुलाच्या खांबांना, काठच्या झुडपांत अडकून पडतो. जोराचा पाऊस पडला की आठवड्यांचा साठा काही तासांत हलतो. म्हणून मोठ्या खंडानंतरच्या पहिल्या पावसाचे पाणी सर्वांत घाण असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार नद्यांवाटे समुद्रात जाणारे सुमारे ८० टक्के प्लॅस्टिक हजाराहून अधिक नद्यांतून येते आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे दोन-चार महानद्यांच्या मुखाशी बंदोबस्त करून भागत नाही.

कोणती वस्तू कुठवर जाईल हे बरेचसे तिच्या घनतेवर ठरते. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा जड असते. झाकण घट्ट असेल तोवर आतल्या हवेमुळे बाटली तरंगते. झाकण निघाले की ती पाण्याने भरून तळाशी जाते. झाकणाचे प्लॅस्टिक मात्र पाण्याहून हलके, त्यामुळे झाकण एकटेच पुढे निघते. किनाऱ्यावर बाटल्यांविना झाकणे विखुरलेली दिसतात त्यामागे हे एक कारण आहे. पातळ पिशव्या पृष्ठभागाखाली, मधल्या पाण्यातही वाहतात. खाडीत शिरल्यावर कचरा भरती-ओहोटीबरोबर मागेपुढे होत राहतो. काही तिवरांच्या मुळांत आणि चिखलात वर्षानुवर्षे अडकतो, उरलेला समुद्रात जातो.

किनारा साफ करायला कोणता दिवस निवडावा, याचे उत्तर भरतीच्या वेळापत्रकात आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची भरती सर्वांत वर चढते आणि कचऱ्याची एक रेघ वाळूवर सोडते. पुढचा आठवडाभर, भांगाच्या म्हणजे सर्वांत कमी चढणाऱ्या भरतीपर्यंत, प्रत्येक भरती आदल्या दिवसापेक्षा थोडी खाली थांबते, म्हणून वरच्या रेघेतला कचरा जागेवर राहतो. त्यानंतर पाणी पुन्हा वर चढू लागते आणि तोच कचरा उचलून नेते. उधाण ओसरल्यावर दोन-चार दिवसांनी, ओहोटी सुरू होताच कामाला लागणे म्हणूनच फायद्याचे. फार थांबले तर वारा हलक्या तुकड्यांवर वाळू चढवतो. भूमध्य किंवा बाल्टिक समुद्रासारख्या, भरती-ओहोटीतला फरक अगदी कमी असलेल्या ठिकाणी हे गणित चालत नाही. तिथे वादळ कधी येऊन गेले हे पाहावे.

नदीमुखाजवळचा १०० मीटरचा पट्टा घेतला, तर त्यावर साधारण तीन रेघा सापडतात : आजच्या भरतीची, गेल्या उधाणाची आणि झाडोऱ्याच्या पायथ्याशी वादळाने टाकलेली. आधी सर्वांत खालची रेघ उचलावी, कारण पुढची भरती तिच्यावर येऊ शकते. मग उधाणाची आणि शेवटी झाडोऱ्यातली. माणसांनी रेघेला समांतर, ओळीने चालावे. वाटेल तसे फिरले की मोठ्या वस्तू उचलल्या जातात आणि बारीक राहतात. बारीक तुकडे आणि प्लॅस्टिकचे कच्चे दाणे वेचण्यापेक्षा वरची सुकी वाळू बादलीतल्या पाण्यात ढवळावी. वाळू खाली बसते, बहुतेक तुकडे वर येतात, ते गाळणीने काढता येतात. रेघेतले समुद्री शेवाळ तिथेच ठेवावे. त्यात राहणाऱ्या किड्यांवर किनारपक्षी जगतात. किनारा साफ करणाऱ्या यंत्राचे दाते ते शेवाळ आणि वाळूही खरवडून नेतात, शिवाय बारीक प्लॅस्टिक बऱ्याचदा मागेच सोडतात. वाळूत रुतलेले जाळे ओढून काढू नये, दिसेल तेवढे कापून घ्यावे. सुया आणि अनोळखी पिंपांना हात लावू नये.

किती किलो कचरा निघाला हा आकडा फसवा असतो, कारण ओली वाळू आणि एखादा टायर तो भलताच फुगवतात. नगांची मोजणी जास्त उपयोगी. यासाठी युरोपात १०० मीटरचा ठरलेला पट्टा वर्षातून अनेकदा तपासतात. कान कोरायच्या काड्या सापडल्या, तर त्या शौचकुपात टाकल्या गेल्या आणि सांडपाण्याच्या चाळणीतून आडव्या न येता सरळ निसटल्या, असा निष्कर्ष काढता येतो. अशाच मोजण्यांचा आधार प्लॅस्टिकच्या काड्यांवरील बंदीच्या मागणीला मिळाला. स्कॉटलंडने ती २०१९ मध्ये घातली.

त्याच त्या वस्तू वारंवार येत असतील, तर अडथळा नदीतच उभारावा लागतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरात जोन्स फॉल्स या प्रवाहाच्या मुखाशी २०१४ पासून कचरा उचलणारे एक चाक काम करते. तरंगते अडसर कचरा त्याच्याकडे वळवतात आणि प्रवाह व सौर ऊर्जेवर चालणारा पट्टा तो उचलून कचरापेटीत टाकतो. मात्र कोणताही तरंगता अडसर वरच्या थरातलेच धरतो. मधल्या पाण्यातून जाणाऱ्या पिशव्या त्याखालून निघून जातात, आणि मोठ्या पुरात ओंडक्यांच्या माऱ्याने अडसरच तुटू शकतो.