बीपीची नोंद ठेवणं वेगळं, बीपी तपासत राहणं वेगळं

दवाखान्यात रोज कोणी ना कोणी बीपीची वही घेऊन येतं. वह्या दोन प्रकारच्या असतात. एकीत सकाळ-संध्याकाळचे ठरावीक आकडे, दोन पानांत आटोपलेले. दुसरीत रात्री ११:१५, ११:१७, ११:२०, मग १२:०५ अशा वेळा आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा. दुसरी वही आणणाऱ्या माणसाला घरचे सांगतात, ‘किती वेळा बघतोस, जरा कमी बघ.’ त्यावर तो म्हणतो, ‘डॉक्टरांनीच बघायला सांगितलंय.’ दोघंही चुकीच्या मुद्द्यावर भांडत असतात, कारण प्रश्न किती वेळा बघता हा नाहीच.

बीपी कसं मोजायचं हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन, दंडाच्या घेराला बसणारा पट्टा (लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो), आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. मनगटाचं मशीन चांगलं की दंडाचं, हाही प्रश्न मला सारखा विचारतात. दंडाचं घ्या आणि तो विषय संपवा.

आता खरा फरक. नोंद ठेवताना मोजायची वेळ आधी ठरलेली असते. तपासत राहताना ती वेळ भीती ठरवते. दिवसातून चार वेळा साखर मोजणारा इन्सुलिनवरचा माणूस नोंद ठेवतोय, कारण प्रत्येक आकड्यावरून त्याला डोस ठरवायचाय. दिवसातून एकदाच, पण छातीत धडधडलं म्हणून घाईघाईने पट्टा बांधणारा माणूस तपासतोय. दोघांच्या वह्यांतले आकडे मोजले तर दुसरा ‘शिस्तीचा’ वाटेल. म्हणूनच ‘कमी बघ’ हा सल्ला लागू पडत नाही. दहा वेळांवरून तीन वेळांवर आलेला माणूस त्या तिन्ही वेळा घाबरूनच बघत असेल, तर त्याचं काहीच बदललेलं नसतं.

भीतीने घेतलेल्या आकड्यात दोन दोष असतात. पहिला शरीराचा. घाबरलं की ॲड्रिनॅलिन वाढतं, नाडी जलद होते, बीपी वर जातं. मशीन खोटं बोलत नाही. त्या क्षणाचं बीपी तेवढंच असतं. पण आपल्याला हवं असतं ते एरवीचं, दिवसभर रक्तवाहिन्यांवर पडणारं बीपी, आणि ते या आकड्यात सापडत नाही. आकडा जास्त दिसला की भीती वाढते, लगेच पुन्हा मोजलं की आकडा अजून वर जातो. निरोगी माणसाचं बीपीसुद्धा दिवसभरात सहज दहा-वीस अंकांनी खाली-वर होतं, त्यामुळे सारखं बघणाऱ्याला भीतीदायक आकडा कधी ना कधी दिसणारच.

दुसरा दोष मनाचा आहे आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही, कारण तो आकडा चांगला आल्यावर घडतो. मोजलं, १२४ आलं, हुश्श वाटलं. इथे सगळ्यांना वाटतं की झालं, भीती गेली. पण त्या सुटकेतून मन एक गोष्ट शिकतं: मशीन लावलं म्हणून बरं वाटलं. पुढच्या वेळी छातीत जरा काही झालं की मन पुन्हा मशीन मागतं, आणि दर वेळी सुटका आधीपेक्षा कमी टिकते. सकाळच्या १२४ ने दुपारपर्यंत धीर दिला, तर पुढच्या महिन्यात तोच १२४ तासभरही पुरत नाही. मग ‘मशीन बिघडलं नसेल ना’ म्हणून शेजारचं मशीन आणलं जातं, तेही पाच अंक वेगळं दाखवतं, आणि काळजीला नवीन विषय मिळतो. ‘बघितल्याने समाधान मिळतं, तर बघू दे’ असं घरचे म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. ते समाधानच पुढची भीती पोसत असतं.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीतले एक गृहस्थ, दवाखान्यात बीपी १४८/९२ निघालं. एका आकड्यावरून आयुष्यभराची गोळी सुरू करू नये, म्हणून घरी मोजायला सांगितलं. त्यांनी मशीन आणलं, आणि त्याच रात्री अंथरुणात डावीकडे टोचल्यासारखं वाटलं म्हणून उठून मोजलं: १५२/९४. दोन मिनिटांनी १५८/९६. पुन्हा १६६/९८, नाडी १०४. बायकोला उठवलं, मुलाला फोन केला. पाऊण तासाने १४७ आलं तेव्हा झोपले. पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले आणि वही भरली. त्या वहीवरून मी काहीही ठरवू शकत नव्हतो. तिच्यात बीपी कमी आणि भीतीच जास्त नोंदली गेली होती.

मग नियम घातला. सात दिवस, सकाळी उठून आवरल्यावर नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा, दोन्ही आकड्यांत एक-दोन मिनिटांचं अंतर. गोळी चालू असणाऱ्याने सकाळचं गोळीच्या आधी मोजायचं. आकडे लिहायचे, पण त्यांचा अर्थ लावायचा नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण पहिल्या दिवशी नवखेपणाने ते जास्तच येतात. उरलेल्या सहा दिवसांचे चोवीस आकडे, त्यांची सरासरी. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर बीपी वाढलेलं धरतात; दवाखान्यातली १४०/९० ची रेषा घरी लावायची नसते. या गृहस्थांची सकाळची सरासरी १३४/८४ आली, संध्याकाळची १२८/८०, एकूण १३१/८२. त्या चोवीसांत एका सकाळचा १४६ होता आणि एका संध्याकाळचा ११८ पण होता. आधीच्या पद्धतीत त्या १४६ ने अख्खी रात्र खाल्ली असती. इथे तो चोवीसातला एक होता. गोळी लागली नाही; मीठ, वजन आणि चालणं यांवर बोललो आणि पुढची सात दिवसांची मोजणी तीन महिन्यांनी ठेवली.

मधल्या तीन महिन्यांत काय करायचं, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मशीन कपाटात ठेवायचं, उशाशी नाही. गोळी चालू असून बीपी स्थिर असणाऱ्यांना मी आठवड्यातला एक ठरलेला वार देतो, किंवा तपासणीला येण्याआधीचा एक आठवडा. गोळी बदलली असेल तर तिचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी ‘उतरलं नाही’ म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. ठरलेल्या वेळेबाहेर मोजावंसं वाटलं तर घड्याळ बघून अर्धा तास थांबायचं आणि वहीत आकड्याऐवजी लिहायचं: किती वाजता वाटलं, काय होत होतं, त्याआधी काय घडलं होतं. बहुतेकदा अर्ध्या तासात ती ओढ उतरते. उतरली नाही तरी पुढची ठरलेली वेळ येईपर्यंत मोजायचं नाही. पहिला आठवडा अवघड जातो आणि भीती आधी थोडी वाढते, हे मी आधीच सांगून ठेवतो.

हा थांबण्याचा नियम कशाला लागू नाही, तेही स्पष्ट सांगतो. छातीत दाब किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं: यात बीपी मोजत बसायचंच नाही. १०८ ला फोन करायचा. मशीन १२० दाखवतंय म्हणून छातीतलं दुखणं घरी काढणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि आकड्यावरचा हा विश्वास मला घाबरण्याहूनही घातक वाटतो. ठरलेल्या मोजणीत लक्षणं काही नसताना १८०/१२० च्या वर आकडा आला, तर पाच मिनिटं शांत बसून एकदा पुन्हा मोजायचं आणि तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं.

मनगटावरच्या घड्याळाला तोच फरक लागू होतो, फक्त तिथे भीतीला उठून कपाटापर्यंतही जावं लागत नाही. नाडीचा आकडा घड्याळाच्या मुख्य पडद्यावरून काढून टाका. जिना चढल्यावर १२० दिसणं हे हृदयाचं काम आहे. बघायचंच असेल तर विश्रांतीच्या नाडीचा आठवड्याचा आलेख आठवड्यातून एकदा बघा. अनियमित ठोक्यांची सूचना मात्र डॉक्टरांनी सांगितली असेल तर चालू ठेवा; ती यंत्र स्वतःहून देतं, तिच्यासाठी तुम्हाला बघत बसावं लागत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत ऑक्सिजनच्या ९४ च्या रेषेसाठी घरोघरी आला, तेव्हा त्याची गरज होती. फुप्फुसाचा आजार नसेल तर आज तो रोज लावायचं कारण नाही. गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर तो चुकीचा आकडाही दाखवतो.

नियम पाळायचा मनापासून प्रयत्न करूनही सहा-सहा महिने आजाराचीच भीती डोक्यात राहत असेल, रिपोर्ट चांगले येऊनही पुन्हा नवीन तपासण्या कराव्याशा वाटत असतील, तर तो मानसोपचारतज्ज्ञांचा विषय आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. सुरुवात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करूनही करता येते.

आणि एक विनंती परदेशी असलेल्या मुलांना. आई-बाबांना मशीन पाठवता, ॲप जोडता आणि तिकडून आकडे बघता. काळजी खरी आहे. पण न्यू जर्सीतून ‘आई, आज १४२ का?’ असा मेसेज आला की आई पुन्हा मोजते, आकडा जास्त येतो, आणि आता तुम्ही दोघंही तपासत असता. एकेका आकड्याची सूचना बंद करा. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला सात दिवसांची सरासरी मागवा. १३५/८५ च्या वर असेल तर तिच्या डॉक्टरांना कळवा, खाली असेल तर आईला दुसरं काहीतरी विचारा.