रिपोर्ट कधी येतो आणि आमचा फोन कधी येतो

आमच्या म्हापशाच्या दवाखान्यात रक्त-लघवीचे नमुने घेतले जातात, पण तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये होते. लॅबचा माणूस दुपारी एकच्या आत नमुने घेऊन जातो. त्यानंतर ‘रिपोर्ट आला का?’ हा प्रश्न आमच्या रिसेप्शनिस्टला दिवसभर ऐकावा लागतो. तिचं काम कसं चालतं ते कळलं, तर तुमच्या फेऱ्या वाचतील.

नमुना घेतला की ती वहीत एक ओळ लिहिते: नाव, जन्मवर्ष, फोन, तपासणी, लॅबचा नंबर आणि रिपोर्ट अपेक्षित असलेला दिवस. पुढे तीन रकाने रिकामे असतात: रिपोर्ट आला, डॉक्टरांनी पाहिला, पेशंटला कळवलं. तिन्ही भरेपर्यंत ती ओळ उघडीच राहते. सकाळी दवाखाना उघडल्यावर आणि दुपारच्या विश्रांतीनंतर चार वाजता ती फक्त उघड्या ओळी वाचते. दिवस उलटून गेलेला दिसला तर तुमच्याआधी ती लॅबला फोन करते. कधी रक्त नळीत गोठलेलं असतं, कधी नमुना कमी पडलेला असतो. काही तपासण्या लॅब आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच लावते. नमुना पुन्हा घ्यायचा असेल तर तुम्हाला त्याच दिवशी कळवतो.

सगळ्यात जास्त गैरसमज लघवीच्या कल्चरबद्दल होतो. सीबीसीचा रिपोर्ट बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत येतो, म्हणून कल्चरचाही यावा असं वाटतं. पण कल्चरमध्ये जंतू वाढवून बघायचे असतात. वाढ दिसायला साधारण एक दिवस लागतो, आणि कोणतं औषध लागू पडेल ते ठरवायला आणखी एक-दोन.

समजा, पेडण्याच्या एक काकी शुक्रवारच्या बाजाराला आल्या आणि नमुना देऊन गेल्या. रविवारी लॅब बंद, म्हणून रिसेप्शनिस्ट वहीत ‘सोमवार’ लिहिते. शनिवारी संध्याकाळी लॅबकडून कच्चा रिपोर्ट येतो: जंतूंची वाढ आहे. तो ती डॉक्टरांना दाखवते, पण ओळ बंद करत नाही, कडेला ‘अर्धा’ लिहून ठेवते. असा अर्धा रिपोर्ट पूर्ण समजला गेला की औषधाची यादी मागे पडते. सोमवारी पूर्ण रिपोर्ट येतो: ई. कोलाय, एका मिलिलिटरमध्ये एक लाखाहून जास्त, आणि काकी घेत असलेल्या गोळ्यांना तो जंतू दाद देत नाही. डॉक्टर त्यावर ‘आजच, औषध बदलणे’ असं लिहितात, आणि मगच फोन जातो.

इथेच घोळ होतो. काकींनी दिलेला नंबर बोटीवर नोकरीला असलेल्या मुलाचा असतो. म्हणून आम्ही दुसरा नंबर मागतो. तो शेजारणीचा असला तरी चालेल. तिला आम्ही तपासणीचं नाव सांगत नाही, ‘त्यांना दवाखान्यात फोन करायला सांगा’ एवढंच. प्रत्यक्ष पेशंट बोलत असेल तर पूर्ण नाव आणि जन्मवर्ष विचारतो. राग मानू नका, आमच्या वहीत नाईक आणि गावकर भरपूर आहेत, आणि नावही सारखं निघतं.

फोनवर रिसेप्शनिस्ट आकडे वाचत नाही. डॉक्टरांनी लिहिलेलंच सांगते: रिपोर्ट घेऊन जा, भेटायला या, किंवा आजच या. ‘थोडं सांग गे बाय’ म्हटलं तरी ती सांगणार नाही, तिला तसं बजावलेलं आहे. साध्या रिपोर्टसाठी ती सकाळी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी असा तीनदा फोन लावते, मग मेसेज टाकते. ‘आजच’ असेल तर फोन लागेपर्यंत थांबत नाही. दुसऱ्या नंबरवर लावते आणि तरीही झालं नाही तर डॉक्टरांना सांगते. एखादा आकडा धोक्याचा असला तर लॅब थेट डॉक्टरांना कळवते, तेव्हा डॉक्टर स्वतः बोलतील.

कधी रिपोर्टमध्ये ‘मिश्र वाढ’ असं येतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळले एवढाच असतो, आणि तो पुन्हा द्यावा लागतो. धार सुरू झाल्यावर मधली लघवी बाटलीत घ्या आणि दोन तासांच्या आत आमच्याकडे पोहोचवा. लांबून येणाऱ्यांनी घरून आणण्यापेक्षा इथेच द्यावी. अँटिबायोटिक आधीच सुरू केलं असेल तर नमुना देतानाच सांगा, कारण मग जंतू असूनही कधीकधी वाढ दिसत नाही.

फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. पावतीवर लिहिलेला दिवस उलटला आणि आमचा फोन नसेल, तर दुसऱ्या दिवशी साडेचारनंतर पावतीवरचा लॅब नंबर सांगून आम्हाला विचारा. लॅबचा मेसेज तुमच्या मोबाईलवर आमच्याआधी आला, तर रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिला का, तेही विचारा. चवथीच्या सुट्टीत लॅबचा माणूस येत नाही, म्हणून कल्चरचा नमुना सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही घेत नाही.