आगीची राख न मोजता, हवा मोजून

साठ किलो वजनाचा, पन्नाशीचा एक माणूस पाठीवर पडून आहे. डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमटासारखा हूड, मानेभोवती पातळ प्लास्टिकची झालर खोचलेली. रात्रीनंतर त्याने काही खाल्लेलं नाही, चहासुद्धा घेतलेला नाही. अर्धा तास तो नुसता पडून होता, आता तपासणी सुरू आहे. झोपायचं नाही, बोलायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. हूडमधून एक पंप दर मिनिटाला ३० लिटर हवा ओढतोय आणि पंधरावीस मिनिटांनी यंत्राच्या पडद्यावर आकडा येतो: दिवसाला १३९० किलोकॅलरी. नुसतं जिवंत राहायला या माणसाला एवढं इंधन लागतं.

या सगळ्यात त्याच्या अंगातली उष्णता कोणी मोजलेलीच नाही. मोजली ती फक्त हवा. म्हणून या पद्धतीला इनडायरेक्ट कॅलरिमेट्री म्हणतात. हवेवरून उष्णतेचा हिशेब कसा लागतो आणि तो कुठे फसतो, हे मला इथे सांगायचं आहे.

सुरुवात पॅरिसमधली आहे. १७८२-८३च्या हिवाळ्यात लव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळतो ते पाहिलं. ही झाली प्रत्यक्ष मोजणी. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होईल इतका कोळसा जाळला, तर किती बर्फ वितळेल याचा हिशेब केला. आकडे जवळपास आले, पण जुळले नाहीत. प्राण्याने कोळशापेक्षा जास्त बर्फ वितळवला होता. थंडीत प्राण्याचं अंगही गार झालं होतं, ते एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कोळशात जळायला फक्त कार्बन असतो, अन्नात हायड्रोजनही असतो. हायड्रोजन जळून पाणी होतं, त्यातून उष्णता मिळते, पण कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याचा मागमूस लागत नाही. ऑक्सिजन मात्र दोघांनाही लागतो. त्यामुळे किती जळलं हे विचारायचं असेल, तर ऑक्सिजनला विचारलेलं बरं.

हे आकड्यांत बघू. ग्लुकोज आणि पामिटिक आम्ल, म्हणजे पाम तेलात आणि आपल्या चरबीत असणारं एक स्निग्धाम्ल, ऑक्सिजनमध्ये असे जळतात:

C6H12O6 + 6 O2 → 6 CO2 + 6 H2O
C16H32O2 + 23 O2 → 16 CO2 + 16 H2O

ग्लुकोज जाळताना जेवढा ऑक्सिजन आत गेला तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर आला. दोन्हींचं गुणोत्तर १. चरबीच्या बाबतीत हेच गुणोत्तर १६ भागिले २३, म्हणजे ०.७ च्या आसपास. याला श्वसन गुणांक म्हणतात. आता उष्णता पाहा. ग्लुकोज जाळताना एक लिटर ऑक्सिजनमागे सुमारे ५ किलोकॅलरी मिळतात, चरबी जाळताना सुमारे ४.७. एका ग्रॅममागे चरबी ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त ऊर्जा देते, हे आपण सगळेच ऐकून असतो. पण लिटरभर ऑक्सिजनच्या हिशेबात दोघांमधला फरक सहा-सात टक्क्यांवर येतो. मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. माणसाने आदल्या रात्री भाकरी खाल्ली की तुपातला शिरा, हे माहीत नसलं तरी ऑक्सिजनवरून उत्तर बरंचसं हाताशी येतं. उरलेला सहा-सात टक्क्यांचा घोळ कार्बन डायऑक्साइड निस्तरतो, कारण इंधन कोणतं जळतंय ते तो सांगतो.

१९४९ मध्ये ग्लासगोच्या वीअर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हे सगळं एका ओळीत बसवलं. ऑक्सिजनच्या प्रत्येक लिटरला ३.९४१ ने गुणा, कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक लिटरला १.१०६ ने गुणा आणि बेरीज करा. झाल्या किलोकॅलरी. पडताळून बघा: ग्लुकोजसाठी दोन्ही वायू एकेक लिटर, बेरीज ५.०५. चरबीसाठी एक लिटर ऑक्सिजन आणि ०.७ लिटर कार्बन डायऑक्साइड, बेरीज ४.७२. दोन्ही टोकं बरोबर सापडतात.

आपला हूडखालचा माणूस मिनिटाला २०० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतोय आणि १६० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतोय. ०.२ गुणिले ३.९४१ म्हणजे ०.७८८. ०.१६ गुणिले १.१०६ म्हणजे ०.१७७. बेरीज मिनिटाला ०.९६५ किलोकॅलरी. दिवसाची मिनिटं १४४०. गुणाकार १३९०. पडद्यावरचा आकडा तो हाच.

प्रथिनांचं काय, असा प्रश्न इथे येतो. प्रथिनं शरीरात पुरती जळत नाहीत. त्यांतला नायट्रोजन युरिया बनून लघवीवाटे जातो आणि जाताना थोडी न जळलेली ऊर्जा सोबत नेतो. काटेकोर हिशेबाला २४ तासांची लघवी जमवून तिच्यातला नायट्रोजन मोजावा लागतो. पण नेहमीच्या आहारात तो सोडून दिला तरी उत्तर एखाद-दोन टक्क्यांनीच हलतं, म्हणून दवाखान्यात सहसा कोणी बाटली भरायला सांगत नाही.

इथवर सगळं गणित सोपं आहे. खरी कसोटी ते २०० आणि १६० मिळवताना लागते.

खोलीच्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो. हूडमधून मिनिटाला ३० लिटर हवा ओढली जात असताना या माणसाच्या श्वासाने त्यातला ऑक्सिजन किती खाली येतो? २०.२९ टक्क्यांवर. संपूर्ण तपासणी या ०.६४ टक्क्याच्या फरकावर उभी असते. ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फक्त ०.०५ ने चुकला आणि २०.३४ दाखवू लागला, तर २०० मिलिलिटरचे १८१ होतात आणि दिवसाच्या हिशेबातून १०८ किलोकॅलरी गायब होतात. म्हणून तपासणीआधी प्रमाणित वायूची टाकी जोडून सेन्सर जुळवून घेणं ही नुसती औपचारिकता नाही. ते टाळलं तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

आणखी एक बारकावा आहे. माणसाने आत घेतलेली हवा आणि बाहेर सोडलेली हवा समान नसते. २०० मिलिलिटर गेले, १६० परत आले, म्हणजे मिनिटाला ४० मिलिलिटर हवा कमी झाली. ३० लिटरपुढे ४० मिलिलिटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ते दुर्लक्षिलं तर ऑक्सिजनचा वापर २०० ऐवजी १९२ निघतो. दोन्ही बाजूंचा प्रवाह इतक्या बारकाईने मोजणं अवघड. मग युक्ती अशी: शरीर नायट्रोजन वापरत नाही आणि तयारही करत नाही. आत गेला तेवढाच तो बाहेर येतो. बाहेर सोडलेल्या हवेत त्याचं प्रमाण किंचित वाढलेलं दिसलं, तर एकूण हवा तेवढी आटली असा अर्थ. हाल्डेन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही दुरुस्ती बहुतेक यंत्रांच्या पोटात बसलेली असते.

हीच युक्ती अतिदक्षता विभागात नडते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला जास्त ऑक्सिजन दिला की श्वासातल्या हवेत नायट्रोजन कमी उरतो आणि त्याच्या आधाराने केलेला हिशेब डगमगू लागतो. साध्या हवेत सेन्सरची चूक सव्वापटीने वाढून उत्तरात उतरते, ६० टक्के ऑक्सिजनवर अडीचपटीने, ८० टक्क्यांवर पाचपटीने. म्हणून साधारण ६० टक्क्यांच्या वर या तपासणीवर विसंबू नये असं सांगतात.

पुण्यामुंबईतल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. लिटर हे काही इंधनाचं माप नव्हे. तापलेली, विरळ हवा तेवढ्याच जागेत कमी रेणू बाळगते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहाएक टक्के कमी असतो. पुण्यात ३० अंशाच्या दमट दिवशी मोजलेले ३० लिटर शून्य अंश, समुद्रसपाटीचा दाब आणि कोरडी हवा या मापात आणले, की जेमतेम २५ उरतात. वर दिलेले सगळे लिटर या प्रमाणित मापातले आहेत. यंत्राचा दाबमापक बिघडला किंवा त्यात जुनंच मूल्य राहिलं, तर चूक सरळ उत्तरात जाते आणि आकडा वरकरणी अगदी शहाणा दिसतो.

चूक ओळखायची कशी? पहिली नजर श्वसन गुणांकावर. आपल्या माणसाचा १६० भागिले २००, म्हणजे ०.८. उपाशीपोटी, चरबी आणि साखर दोन्ही जाळणाऱ्या माणसाला तो शोभतो. गुणांक ०.६७ च्या खाली आला तर बहुतेक वेळा यंत्राकडे बघावं. आणि तो १ च्या वर गेला, तर आधी माणसाकडे. हूडखाली घाबरून तो भराभर श्वास घेऊ लागला, की रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. त्या मिनिटांत ऑक्सिजन जवळजवळ तेवढाच, पण कार्बन डायऑक्साइड २३० वर जाऊ शकतो. तो जळण्यातून आलेला नाही, साठ्यातून आलाय. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं टाकून देतात आणि नंतर सलग पाच मिनिटं दोन्ही आकडे दहा टक्क्यांच्या आत स्थिर राहिले, तरच ते धरतात.

सुदैवाने वीअरच्या सूत्रात कार्बन डायऑक्साइडचा वाटा कमी असतो. त्यात दहा टक्क्यांची चूक झाली तर दिवसाला फक्त २५ किलोकॅलरींचा फरक पडतो. ऑक्सिजनमधल्या तेवढ्याच चुकीने ११३चा पडतो.

पण श्वसन गुणांकाच्या नजरेतून सुटणारी एक चूक आहे आणि तीच सर्वांत वरचेवर घडते. झालर मानेभोवती नीट बसली नाही आणि उच्छ्वासाची दहा टक्के हवा पंपाकडे न जाता बाहेर सटकली. दोन्ही वायू सारख्याच प्रमाणात हरवले. १८० आणि १४४. भागाकार अजूनही ०.८. सगळं सुरळीत दिसतं आणि आकडा येतो १२५१. हूडच्या आत बाहेरून हवा शिरली तर बिघडत नाही, ती मोजणीत धरलेलीच असते. आतली बाहेर गेली की घात होतो.

या गळतीला पकडायला प्रयोगशाळेत एक जुनी रीत आहे. हूडखाली माणसाऐवजी शुद्ध अल्कोहोलचा छोटा दिवा ठेवायचा. आधी काट्यावर वजन करायचं, वीस मिनिटं जाळायचं, पुन्हा वजन करायचं. समजा ३ ग्रॅम इथेनॉल जळलं. रसायनशास्त्र सांगतं, त्याला ४.३८ लिटर ऑक्सिजन लागलाच पाहिजे आणि २.९२ लिटर कार्बन डायऑक्साइड निघालाच पाहिजे. मिनिटाला २१९ आणि १४६, म्हणजे दिवा जवळपास माणसाएवढाच श्वास घेतो. गुणांक दोन तृतीयांश. यंत्राने ०.६७ दाखवलं पण ऑक्सिजन ३.९ लिटरच मोजला, तर सेन्सर ठीक आहेत आणि हवा कुठेतरी निसटतेय किंवा प्रवाहमापक कमी दाखवतोय. मग झालरीपासून पंपापर्यंत एकेक सांधा हाताने चाचपत जायचं आणि दिवा पुन्हा पेटवायचा.