पश्चात तुलना (प्रचरण-विश्लेषणानंतरच्या)

प्रचरण-विश्लेषणाने, म्हणजेच ॲनोव्हाने, तीन किंवा अधिक गटांच्या सरासरींत कुठेतरी फरक आहे असा कौल दिल्यानंतर तो फरक नेमका कोणत्या गटांमध्ये आहे हे पाहण्यासाठी ज्या तुलना केल्या जातात, त्यांना पश्चात तुलना म्हणतात. ॲनोव्हामधील एफ-चाचणी सगळ्या सरासरींना मिळून एकच प्रश्न विचारते: या साऱ्या सरासरी समान आहेत हे गृहीतक टिकते का? ते टिकत नाही एवढेच तिच्या उत्तरातून कळते. कोणता गट कोणत्या गटापेक्षा सरस आहे याबद्दल ती काहीही सांगत नाही. ते जाणण्यासाठी जोड्या लावून तुलना करावी लागते, आणि जोड्यांची संख्या वाढली की खोटा फरक खरा समजला जाण्याची शक्यताही वाढत जाते.

५ टक्के सार्थकता पातळीवर केलेल्या एका चाचणीचा अर्थ असा की, दोन सरासरींत प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही ती चाचणी शंभरात सरासरी पाच वेळा फरक असल्याचे सांगेल. एका चाचणीपुरती ही जोखीम माहीत असते आणि पत्करलेली असते. परंतु सहा गट असतील तर जोड्या १५ होतात, आणि प्रत्येक जोडीवर ही जोखीम नव्याने घेतली जाते. या १५ चाचण्या एकमेकींपासून पूर्णपणे स्वतंत्र असत्या, तर त्यांपैकी निदान एक तरी खोटी निघण्याची शक्यता १ − ०.९५¹⁵, म्हणजे सुमारे ५४ टक्के झाली असती. प्रत्यक्षात एकच सरासरी पाच जोड्यांत येत असल्यामुळे चाचण्या परस्परांशी निगडित असतात आणि ही शक्यता त्याहून कमी, सहा गटांसाठी साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहते. तरीही कागदावर ५ टक्के लिहायचे आणि प्रत्यक्षात तेहतीसच्या घरातली जोखीम घ्यायची, ही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सोलापूर जिल्ह्यातील कोरडवाहू रब्बी ज्वारीवरचा एक नमुना-प्रयोग घेतल्यास हे स्पष्ट होईल. (पुढील आकडे समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष हंगामाचे नाहीत.) खोल काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून ठेवण्याच्या सहा पद्धती तपासायच्या आहेत: सपाट पेरणी, सपाट पेरणीत एक जादा कोळपणी, सपाट पेरणीवर आच्छादन, सरी-वरंबा, बंदिस्त सरी आणि बंदिस्त वाफे. चार ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये सहाही पद्धती यादृच्छिक क्रमाने घेतल्या, म्हणजे एकूण २४ वाफे झाले. धान्याच्या उत्पादनाच्या सरासरी, क्विंटल प्रति हेक्टरमध्ये, याच क्रमाने ११.२, १२.०, १३.१, १४.६, १५.३ आणि १६.४ आल्या. पद्धतींच्या ५ आणि त्रुटीच्या १५ स्वातंत्र्यकोटींवर, म्हणजे स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या मूल्यांच्या संख्येवर, त्रुटीचा वर्गमध्य, म्हणजे पद्धती आणि ब्लॉक वगळून उरणाऱ्या चढउताराचे माप, ४.० आला, तर एफचे मूल्य सुमारे ४.०३ निघते. ते ५ टक्के पातळीवरील तक्त्यातील २.९० या मूल्यापेक्षा मोठे आहे, म्हणून सगळ्या पद्धती सारख्या आहेत हे गृहीतक नाकारले जाते.

यानंतर कृषी संशोधनाच्या अहवालांत आणि प्रबंधांत सर्रास जे केले जाते ते असे की, तक्त्याच्या तळाशी सी.डी., म्हणजे क्रांतिक फरक, लिहिला जातो आणि ज्या दोन सरासरींतील अंतर त्याहून मोठे, त्या दोहोंतील फरक सार्थ मानला जातो. येथे दोन सरासरींतील फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे त्यात योगायोगाने पडणाऱ्या चढउताराचे माप, √(२ × ४ ÷ ४) = १.४१ आणि १५ स्वातंत्र्यकोटींसाठी टी या वितरणाचे तक्त्यातील मूल्य २.१३ असल्यामुळे सी.डी. ३.०१ क्विंटल येतो. या मापाने १५ पैकी सहा जोड्या सार्थ ठरतात: सपाट पेरणीपेक्षा सरी-वरंबा, बंदिस्त सरी आणि बंदिस्त वाफे हे तिन्ही सरस, जादा कोळपणीपेक्षा बंदिस्त सरी आणि बंदिस्त वाफे सरस, आणि आच्छादनापेक्षा बंदिस्त वाफे सरस.

हा सी.डी. दोनच सरासरींच्या तुलनेसाठी काढलेला असतो, आणि त्या दोन सरासरी आकडे पाहण्याआधी निवडलेल्या असतात असे त्यात गृहीत धरलेले असते. वाचकाची नजर मात्र आपोआप सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सरासरीकडे जाते. समान क्षमतेच्या दोनच पद्धती घेतल्या, तर केवळ योगायोगाने त्यांच्या सरासरींत पडणारे अंतर एका सरासरीच्या प्रमाण त्रुटीच्या सुमारे १.१३ पट असते. समान क्षमतेच्या सहा पद्धती घेतल्या, तर त्यांतील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान सरासरीतील अंतर सरासरीने प्रमाण त्रुटीच्या २.५३ पट पडते. आपल्या उदाहरणात एका सरासरीची प्रमाण त्रुटी बरोबर १ क्विंटल आहे. म्हणजे सहाही पद्धतींत काडीचाही फरक नसता, तरी पहिल्या आणि शेवटच्या पद्धतीत अडीच क्विंटलचे अंतर दिसणे हे रोजचेच झाले असते, आणि सी.डी.ची वेस त्याच्यापासून अवघ्या अर्ध्या क्विंटलवर आहे. वारंवार चाचणी केल्याने चूक का फुगते याचे मूळ या निवडीत आहे: अनेकांतून टोकाचे दोन उचलायचे आणि ते जणू आधीच ठरवलेले होते अशा मापाने मोजायचे.

‘एफ-चाचणी सार्थ आली असेल तरच सी.डी. वापरावा’ हा नियम संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या पद्धतीतून आलेला असून त्याने पुरेसे संरक्षण मिळते असे अनेकजण मानतात. ते अर्धेच खरे आहे. सगळ्या पद्धती प्रत्यक्षात समान असतील तर एफ-चाचणीचे दार शंभरात पंच्याण्णव वेळा बंदच राहते, म्हणून चुकीची एकूण शक्यता ५ टक्क्यांच्या आत राहते. गट तीनच असतील तर हा नियम पूर्णपणे पुरतो. पण समजा, सहांपैकी केवळ बंदिस्त वाफे खरोखर वेगळे आहेत आणि उरलेल्या पाच पद्धती समान आहेत. बंदिस्त वाफ्यांमुळे एफ-चाचणी सार्थ येते, दार उघडते आणि त्या पाच समान पद्धतींमधील दहा जोड्या कोणत्याही आवराविना सी.डी.पुढे येतात. त्यांतून निदान एक खोटा फरक निघण्याची शक्यता तेव्हा पाव भागाहून अधिक असू शकते. शेतीच्या प्रयोगांत एखादी पद्धत उघडच वेगळी असणे हा अपवाद नसतो. त्यामुळे ही पळवाट नेहमीच उघडी राहते.

जॉन टकी यांनी १९५३ मध्ये मांडलेली पद्धत नेमकी टोकांच्या निवडीची दखल घेते. तिच्यात टीऐवजी ‘स्टुडंटीकृत विस्तार’ या वितरणाचे मूल्य, म्हणजे क्यू, घेतात. हे वितरण सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान सरासरीतील अंतराचेच असते. सहा सरासरी आणि १५ स्वातंत्र्यकोटींसाठी ५ टक्के पातळीवर क्यू सुमारे ४.५९ आहे. त्याला एका सरासरीच्या प्रमाण त्रुटीने, म्हणजे १ ने, गुणले की ४.५९ क्विंटल ही नवी वेस मिळते. सी.डी.ने दिलेल्या सहा जोड्यांपैकी आता एकच टिकते: सपाट पेरणी आणि बंदिस्त वाफे, ज्यांच्यातील अंतर ५.२ आहे. जादा कोळपणी आणि बंदिस्त वाफे यांच्यातील ४.४ चे अंतर थोडक्यात हुकते. या मोबदल्यात मिळते ती हमी अशी की, १५ ही जोड्या तपासल्या तरी त्यांत एकही खोटा फरक येण्याची शक्यता ५ टक्क्यांपलीकडे जात नाही. टकींच्या चाचणीआधी एफ-चाचणी सार्थ असलीच पाहिजे अशी अट नाही. ही चाचणी स्वतःच्या बळावर उभी आहे.

हेन्री शेफे यांच्या पद्धतीत केवळ जोड्या नव्हे, तर सरासरींचे कोणतेही मिश्रण दुसऱ्या मिश्रणाशी ताडून पाहता येते, आणि म्हणून तिची वेस आणखी उंच असते. आपल्या प्रयोगात जोडीसाठी ती सुमारे ५.३९ क्विंटल येते आणि एकही जोडी सार्थ ठरत नाही. एफ-चाचणी सार्थ असताना असे कसे, हा प्रश्न विद्यार्थ्यांना हमखास पडतो. उत्तर आकड्यांतच आहे. पहिल्या तिन्ही पद्धती सपाट जमिनीवरच्या आहेत आणि पुढच्या तिन्ही जमिनीला आकार देणाऱ्या. पहिल्या तिघींची सरासरी १२.१ आणि दुसऱ्या तिघींची १५.४ येते, फरक ३.३३, आणि या तुलनेसाठी शेफेंची वेस सुमारे ३.११ आहे. एफ-चाचणीला जे जाणवले होते ते कोणत्याही एका जोडीतले अंतर नव्हते, तर या दोन त्रिकुटांमधले होते. माझ्या मते या प्रयोगातले सर्वांत उपयुक्त उत्तर हेच आहे, आणि सी.डी.च्या तक्त्यात ते कधीच दिसले नसते.

प्रश्न आधीच मर्यादित केला असेल तर इतकी किंमत मोजावी लागत नाही. शेतकऱ्याची चालू पद्धत सपाट पेरणी आहे आणि बाकी पाचांची तुलना फक्त तिच्याशी करायची आहे, असे पेरणीपूर्वीच नोंदवले असेल, तर १५ ऐवजी पाचच तुलना उरतात आणि चार्ल्स डनेट यांची १९५५ ची पद्धत लागू होते. तिची वेस येथे सुमारे ३.९९ येते, आणि बंदिस्त सरी व बंदिस्त वाफे दोन्ही सपाट पेरणीपेक्षा सार्थपणे सरस ठरतात, सरी-वरंब्याचे ३.४ चे अंतर मात्र पुरत नाही. आकडे हाती आल्यावर ज्या पद्धतीने जास्त फरक सार्थ दिसतात ती निवडली, तर या साऱ्या हमी संपुष्टात येतात, कारण पद्धतींमधून निवड करणे हीसुद्धा आणखी एक न मोजलेली चाचणीच असते.

अहवालांत सरासरींपुढे अ, ब, अब अशी अक्षरे छापलेली आढळतात. अशी अक्षरे अनेकदा डंकन यांच्या १९५५ च्या बहुविस्तार चाचणीतून आलेली असतात, आणि ती चाचणी गटांची संख्या वाढेल तशी एकूण चुकीची मुभाही वाढवत नेते: सहा समान गटांसाठी ही मुभा १ − ०.९५⁵, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून अक्षरे पाहताना ती कोणत्या चाचणीची आहेत हे तक्त्याखाली शोधावे. सारखे अक्षर असलेल्या दोन पद्धतींना ‘ॲट पार’ म्हणण्याचा प्रघात आहे; त्याचा अर्थ त्या समान आहेत असा नसून फरक सिद्ध झाला नाही एवढाच आहे. टकींच्या मापाने वरच्या प्रयोगात सपाट पेरणी बंदिस्त सरीशी ‘ॲट पार’ आहे आणि बंदिस्त सरी बंदिस्त वाफ्यांशीही, तरी सपाट पेरणी आणि बंदिस्त वाफे मात्र ‘ॲट पार’ नाहीत.

टकींची मूळ पद्धत प्रत्येक गटात निरीक्षणे सारखी असतील असे धरते. काही वाफे डुकरांनी किंवा पाखरांनी उद्ध्वस्त केल्यामुळे ती असमान राहिली, तर क्रेमर यांची १९५६ ची दुरुस्ती वापरतात. गटागटांतील प्रचरणच, म्हणजे निरीक्षणांचे विखुरलेपण, फार वेगळे असेल, तर एकच त्रुटी-वर्गमध्य सर्व जोड्यांना लावणे चुकीचे ठरते आणि गेम्स-हॉवेल चाचणीसारखा वेगळा मार्ग घ्यावा लागतो. यांपैकी कोणतीही पद्धत एका तक्त्यापुरतीच हमी देते. त्याच २४ वाफ्यांतून धान्य, कडबा, ताटाची उंची, कणसाची लांबी आणि हजार दाण्यांचे वजन असे पाच तक्ते काढले, तर प्रत्येक तक्त्याची ५ टक्के जोखीम पुन्हा वेगळी घेतली जाते आणि टकींची वेस त्या बेरजेला आवर घालत नाही.